प्रवासाचं एकूण अंतर: लॉगबुक आणि ओडोमीटरचा ताळा कसा जुळवायचा?

महाडहून रायगड किल्ल्याकडे जाताना नाते लागतं. समजा, नात्याची एक भाड्याची जीप महाड, पोलादपूर करून परत आली आणि ५ लिटर डिझेल संपलं. लॉगबुकातल्या टप्प्यांची बेरीज ५८ किलोमीटर, म्हणजे ॲव्हरेज ११.६. एरवी हीच जीप १३ देते. मालकाचा पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. पण त्याआधी ओडोमीटर बघायला हवा.

उदाहरणादाखल ही नोंद घ्या. ती स्प्रेडशीटमध्ये A ते D या कॉलममध्ये, दुसऱ्या ओळीपासून भरली आहे.

| टप्पा | अंतर | सुरुवात | शेवट |
|---|---|---|---|
| नाते–महाड | ११ | ४२३१० | ४२३२१ |
| महाड–पोलादपूर | १८ | ४२३२१ | ४२३३९ |
| पोलादपूर–महाड | १८ | ४२३४६ | ४२३६४ |
| महाड–नाते | ११ | ४२३६४ | ४२३७५ |

आता एकूण अंतर दोन वेगळ्या वाटांनी काढू:

```
=SUM(B2:B5)
=D5-C2
```

पहिलं उत्तर ५८, दुसरं ६५. सात किलोमीटर कुठे गेले? टप्पा संपतानाचं रीडिंग आणि पुढचा टप्पा सुरू होतानाचं रीडिंग सारखंच असायला हवं. म्हणून E3 मध्ये हे सूत्र लिहा आणि E5 पर्यंत खाली ओढा:

```
=C3-D2
```

E3 मध्ये ०, E4 मध्ये ७, E5 मध्ये ०. म्हणजे पोलादपुरात पोचल्यावर जीप सात किलोमीटर फिरली, पण तो टप्पा लिहायचा राहिला. ६५ भागिले ५ बरोबर १३. डिझेल कुठेही गेलेलं नाही!

E मध्ये सगळीकडे शून्य असूनही बेरीज जुळली नाही, तर चूक B मध्ये शोधा. १८ च्या जागी ८१ असे आकडे उलटे पडले, तर फरकाला नेहमी ९ ने भाग जातो (इथे ६३). भाग गेला म्हणजे हीच चूक असं मात्र नाही, पण शोध तिथून सुरू करावा. बेरीज कमी येत असेल तर एखाद्या सेलमध्ये "११ कि.मी." असं लिहिलंय का बघा. त्याला स्प्रेडशीट मजकूर समजते आणि SUM तो सेल गाळते.

एखाद्या किलोमीटरचा फरक सोडून द्या. ओडोमीटर पूर्ण किलोमीटरच दाखवत असेल, तर तेवढं इकडेतिकडे होणारच. पण प्रत्येक टप्प्यात अंतराच्या प्रमाणात फरक पडत असेल, तर टायर तपासा. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. झिजलेल्या टायरचा घेर कमी, त्यामुळे तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात आणि रीडिंग वाढतं. राहून गेलेला टप्पा एकाच जागी दिसतो, टायरचा फरक सगळीकडे थोडा थोडा पसरतो.

एक पथ्य पाळा: B मधलं अंतर नकाशावरून किंवा नेहमीच्या माहितीवरून भरा, D वजा C करून नको. तसं केलं तर B आणि ओडोमीटर हे दोन साक्षीदार राहत नाहीत, एकाचीच साक्ष दोनदा लिहिली जाते आणि आकडे उलटे पडलेलं रीडिंग अंतरातही तसंच उतरतं.