दूरध्वनी क्रमांकांची प्रारंभीची रचना (उत्तर अमेरिका)

उत्तर अमेरिकेतील दूरध्वनी क्रमांकांची प्रारंभीची रचना फिरती तबकडी, स्पंद पद्धती आणि दूरध्वनी केंद्रांची नावे या तीन गोष्टींतून घडली. तबकडीवरील १ आणि ० या अंकांना अक्षरे नव्हती. या एका बाबीचा प्रभाव तेथील क्रमांकांवर १९९५ पर्यंत टिकून होता.

तबकडी व स्पंद

अंकाच्या छिद्रात बोट घालून तबकडी फिरवली व सोडली की ती स्प्रिंगमुळे ठरावीक वेगाने मागे येई. मागे येताना ती तारेतील विद्युतप्रवाह त्या अंकाइतक्या वेळा खंडित करी. या प्रत्येक खंडास स्पंद म्हणतात. सेकंदाला सुमारे १० स्पंद जात. ७ साठी सात, तर ० साठी दहा स्पंद लागत. दोन अंकांमधील विरामावरून केंद्रातील यंत्रास अंक पूर्ण झाल्याचे कळे.

रिसीव्हरचा खटका चुकून दाबला गेला, तरी एक स्पंद जाई. त्यामुळे क्रमांकाचा आरंभ १ ने होत नसे. ० हा अंक ऑपरेटरला बोलावण्यासाठी राखीव होता.

केंद्रांची नावे

२ ते ९ या अंकांवर अक्षरे छापलेली असत. ग्राहक प्रथम केंद्राच्या नावातील अक्षरे फिरवी. न्यूयॉर्कमधील हॉटेल पेनसिल्व्हेनियाचा क्रमांक ‘पेनसिल्व्हेनिया ६-५०००’ असा होता. पी हे अक्षर ७ वर आणि ई हे ३ वर असल्याने प्रत्यक्षात ७३६-५००० हे अंक फिरत. दोन अक्षरे व पाच अंक मिळून सात स्थानांचा क्रमांक तयार होई. पहिली दोन स्थाने अक्षरांची असल्याने तेथे ० किंवा १ कधीच येत नसे.

क्षेत्र संकेतांक

१९४७ च्या क्रमांकन योजनेत याच रिकाम्या जागेचा उपयोग करण्यात आला. तीन अंकी क्षेत्र संकेतांकाचा मधला अंक ० किंवा १ ठेवल्याने, दुसरा अंक येताच हा क्रमांक स्थानिक नसल्याचे यंत्र ओळखू शके. एकच क्षेत्र असलेल्या राज्यांना मधला अंक ० मिळाला, तर अनेक क्षेत्रे असलेल्या राज्यांना १ मिळाला.

मोठ्या शहरांना कमी स्पंदांचे संकेतांक देण्यात आले. न्यूयॉर्कच्या २१२ साठी पाच, तर शिकागोच्या ३१२ साठी सहा स्पंद पुरत. याउलट, न्यू जर्सीच्या २०१ साठी मधल्या शून्यामुळे तेरा स्पंद लागत.

अक्षरांचा अस्त

५ वर जे, के, एल आणि ७ वर पी, आर, एस ही अक्षरे होती. त्यांत एकही स्वर नसल्याने ५५ किंवा ५७ पासून सुरू होणारी नावे फार थोडी सापडत आणि तेवढे क्रमांक वाया जात. १९५८ पासून केवळ अंकांचे क्रमांक देण्यास आरंभ झाला. पुढे क्षेत्र संकेतांकही अपुरे पडू लागले. १९९५ मध्ये अलाबामास ३३४ हा संकेतांक मिळाला आणि मधल्या अंकाचे बंधन संपले.