कांगड्याचं मीठ आणि मानेवरची गाठ

आमच्या घरी बरणीत खडे मीठ असायचं. अम्मीचं म्हणणं, समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन त्यात आपोआप आलंच. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. प्रत्यक्षात समुद्राचं पाणी आटवून केलेल्या साध्या मिठात आयोडीन जवळजवळ नसतं. ते वेगळं घालावं लागतं. हे कळल्यावर मी या मिठाचा इतिहास वाचू लागलो आणि हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात जाऊन पोहोचलो.

हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आजार होता. बर्फ, पाऊस आणि पूर मातीतलं आयोडीन धुऊन नेतात. मग धान्यात, भाजीत, दुधातही ते उतरत नाही. थायरॉइड ग्रंथीला आपला रस बनवायला आयोडीन लागतं. ते मिळालं नाही की ती स्वतःच वाढत जाते आणि मानेवर गाठ दिसू लागते. गाठ हा त्यातला दिसणारा भाग झाला. खरं नुकसान पोटातल्या बाळाचं होतं. आईच्या अंगात आयोडीनची फार मोठी कमतरता असेल तर मूल मतिमंद किंवा मूकबधिर जन्मू शकतं, आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही.

1956 साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगड्यात सुमारे एक लाख वस्तीचे तीन विभाग पाडले. तिन्हीकडे गलगंडाचं प्रमाण जवळपास सारखंच होतं, शेकडा 40च्या आसपास. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं. मधल्या विभागात साधंच मीठ चालू ठेवलं, कारण तुलनेला काहीतरी हवं होतं. 1962 साली पुन्हा माना तपासल्या. आयोडीनच्या मिठाच्या दोन्ही विभागांत प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं होतं, साध्या मिठाच्या विभागात मात्र ते होतं तिथंच होतं. मग त्या विभागालाही आयोडीनचं मीठ सुरू झालं आणि तिथलंही प्रमाण घसरलं. त्याच वर्षी देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

त्या सहा वर्षांत मधल्या विभागात गरोदर राहिलेल्या बायकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. बाकीच्या देशाला मिळालेल्या पुराव्याची किंमत त्यांनी मोजली.

आता प्रश्न असा की एखाद्या गावात आयोडीन पुरेसं आहे हे ओळखायचं कसं? जुनी रीत मान तपासण्याची. शाळेतल्या 6 ते 12 वर्षांच्या मुलांची मान बोटांनी चाचपतात. गाठ हाताला लागते पण मान सरळ असताना दिसत नाही, ती पहिली पायरी. नुसती दिसते, ती दुसरी. दोन्ही मिळून शेकडा 5 किंवा जास्त मुलं निघाली, तर गावात ही समस्या आहे असं धरतात. पण लहान गाठ एका तपासणाऱ्याला लागते, दुसऱ्याला लागत नाही.

दुसरी रीत लघवीची. खाल्लेल्या आयोडीनपैकी शेकडा 90हून अधिक लघवीवाटे बाहेर पडतं. एका मुलाच्या एका नमुन्यावरून त्या मुलाबद्दल काही ठरवता येत नाही, कारण आजचा आकडा उद्या दुप्पट होऊ शकतो. म्हणून शेकडो मुलांचे नमुने घेतात, आकडे चढत्या क्रमाने लावतात आणि अगदी मधला आकडा पाहतात. तो लिटरमागे 100 ते 199 मायक्रोग्रॅम असेल तर त्या वस्तीला पुरेसं आयोडीन मिळतंय.

कांगड्यातच पुढे झालेल्या पाहण्यांत एक कोडं दिसलं. शाळकरी मुलांत गलगंड 5 टक्क्यांच्या वर होता, पण लघवीतला मधला आकडा पुरेसा होता. मग कोण खरं? माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही. लघवी गेल्या काही दिवसांचं सांगते, मान गेल्या कित्येक वर्षांचं. वाढलेली ग्रंथी ओसरायला वेळ लागतो. शिवाय चाचपण्यातली चूक असतेच. नुसत्या मानेवर विसंबलं तर यश उशिरा कळतं. आणि मीठ बिघडलं तर तेही उशिराच कळतं, तोवर काही बाळं जन्मून गेलेली असतात.

त्यासाठी तिसरी तपासणी मिठाची. आपल्याकडे कारखान्यातून निघताना किलोमागे निदान 30 आणि घरी पोहोचताना निदान 15 मिलिग्रॅम आयोडीन हवं, असा नियम झाला. दिवसाला 10 ग्रॅम मीठ पोटात गेलं तर 15च्या हिशेबानं 150 मायक्रोग्रॅम मिळतं, मोठ्या माणसाची गरज तेवढीच. वाटेतली घट धरूनच कारखान्याचा आकडा दुप्पट ठेवला होता.

हा नियमही सरळ टिकला नाही. बिनआयोडीनच्या मिठाच्या विक्रीवरची देशव्यापी बंदी 2000 साली उठली. मिठावर सक्ती नको, हा सत्याग्रहाच्या देशातला युक्तिवाद मला परका वाटत नाही. 2006 साली बंदी परत आली. मधल्या वर्षांत पोटात असलेल्या बाळांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

अम्मीच्या बरणीत आता पुड्याचं मीठ असतं. झाकण ती अजूनही उघडंच ठेवते, आणि मी ते लावत फिरतो.