गोव्यातील एक प्रयोग आणि ‘कशामुळे?’ हा प्रश्न

१/ गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात ४९५ नैराश्यग्रस्त रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. ‘संगाथ’ संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या चमूचा हा प्रयोग. एका गटाला डॉक्टरांचे नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळाले. दुसऱ्याला त्याखेरीज ६ ते ८ बैठकांचे समुपदेशन.

२/ समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे होती. पद्धतही साधी होती: सुटलेली कामे, माणसे आणि आनंद यांकडे रुग्णाला पावलापावलाने परत नेणे.

३/ तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. उपचाराचा उपयोग झाला, हे ठरले. पण कशामुळे? हालचाल वाढल्यामुळे, की कोणीतरी आपुलकीने ऐकून घेतल्यामुळे?

४/ अशा प्रश्नासाठी मध्यस्थ-विश्लेषण वापरतात. बॅरन आणि केनी यांच्या १९८६ च्या लेखाने ते मानसशास्त्रात रुजवले. त्यात दुवे दोन: उपचाराने मध्यस्थ बदलतो का, आणि मध्यस्थ बदलल्याने आजार हटतो का. २०१७ मध्ये गोव्याच्या चमूने दाखवले की तिसऱ्या महिन्यातील सक्रियता हा बाराव्या महिन्यातील सुधारणेचा मध्यस्थ ठरतो.

५/ इथेच सावध व्हावे लागते. चिठ्ठी उपचाराची पडली होती, सक्रियतेची नव्हे. म्हणून पहिला दुवा भक्कम. दुसरा केवळ निरीक्षणावर उभा.

६/ कल्पना करा, एका रुग्णाच्या मुलाला दुसऱ्या महिन्यात नोकरी लागली. घरची चिंता मिटली. ती बाजारात जाऊ लागली आणि मनही हलके झाले. आकडेमोडीत श्रेय सक्रियतेला जाईल, खरे कारण मात्र नोकरी. असे अदृश्य तिसरे कारण नाही, हे विश्लेषणाचे गृहीतक असते. आकड्यांतून ते सिद्ध होत नाही.

७/ काळाचा क्रमही महत्त्वाचा. सक्रियता आधी आणि अंतिम परिणाम नंतर मोजला, हे या अभ्यासाचे बळ. परंतु तिसऱ्या महिन्यापर्यंत नैराश्यही बरेच उतरले होते. मन सावरल्यामुळेच माणूस हालू लागला असेल, तर बाण उलटा फिरतो. आठवड्यागणिक दोन्ही मोजले, तर आधी काय बदलले ते कळू शकते.

८/ म्हणून आज संशोधक आणखी एक हिशेब करतात: निष्कर्ष पुसून टाकायला ते अदृश्य कारण किती प्रबळ असावे लागेल? थोडेसेच पुरत असेल तर दावा कच्चा. फार प्रबळ लागत असेल तर दावा टिकाऊ.

९/ तेव्हा गोव्याच्या पुराव्यातून दोन वेगळी वाक्ये निघतात. ‘या समुपदेशनाने रुग्ण बरे झाले’ याला चिठ्ठीचा आधार आहे. ‘ते सक्रियतेमुळे बरे झाले’ याला चिठ्ठी आणि गृहीतके, दोहोंचा.