चुकीचं बटण दाबल्यावर काय होतं? टायपिंग गेम्सचा छोटासा इतिहास

मागच्या काही भागांखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. "दादा, स्टाफ सिलेक्शनची टायपिंग टेस्ट आहे, गेममध्ये ३८ चा स्पीड येतो, पण उतारा समोर ठेवून टाईप केलं की २५-२६ वरच अडकतो. असं का?" उत्तर एका ओळीत देता येईल, पण त्यामागचा इतिहास मजेशीर आहे. म्हणून आजचा भाग त्यावरच. नेहमीप्रमाणे बोललेलं थोडं नीट करून इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात करूया १८८८ सालापासून. कॉम्प्युटर सोडा, तेव्हा टायपरायटरच नवीन होता. २५ जुलै १८८८ ला अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात दोन टायपिस्टांचा सामना झाला, बक्षीस ५०० डॉलर. एकीकडे फ्रँक मॅकगरिन, सॉल्ट लेक सिटीच्या कोर्टातला स्टेनोग्राफर, हाताखाली रेमिंग्टन. दुसरीकडे लुई ट्रॉब, त्याच्याकडे कॅलिग्राफ नावाचं मशीन. या कॅलिग्राफवर मोठ्या आणि छोट्या अक्षरांची बटणं वेगवेगळी होती, म्हणजे बटणंच बटणं.

सामन्याचे दोन भाग होते. पहिल्यात कुणीतरी वाचून दाखवणार आणि हे टाईप करणार. दुसऱ्यात अनोळखी मजकूर समोर ठेवून बघून उतरवायचा. मॅकगरिन दोन्हींत जिंकला, पण खरी गंमत दुसऱ्या भागात झाली. ट्रॉबचा वेग बघून उतरवताना चांगलाच पडला, कारण त्याला मजकूरही बघायचा होता आणि कीबोर्डही. मॅकगरिन कीबोर्डकडे बघतच नव्हता, त्यामुळे त्याचा वेग कमी झाला नाही. त्या दिवसापासून न बघता टाईप करायच्या पद्धतीचा बोलबाला झाला.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. ऐकून टाईप करणं आणि बघून टाईप करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकातला स्पीड दुसऱ्यात मिळेलच असं नाही.

पुढे विसाव्या शतकात टायपिंगच्या मोठमोठ्या स्पर्धा व्हायला लागल्या. टायपरायटर कंपन्यांसाठी ती जाहिरातच होती. या स्पर्धांमध्ये चुकीची शिक्षा जबरदस्त होती. एक चूक झाली की एकूणातून दहा शब्द वजा! १९२३ मध्ये अल्बर्ट टँगोराने अंडरवूड मशीनवर सलग एक तास मिनिटाला १४७ शब्द काढले, तेही हे दंड वजा करून. कागदावर उमटलेलं अक्षर पुसता येत नाही, त्यामुळे चूक म्हणजे चूक. थोडक्यात, त्या काळात स्पीड मोजायचा म्हणजे चुका वजा करूनच मोजायचा.

आता थेट घरगुती कॉम्प्युटरच्या काळात येऊ. १९७९ च्या सुमारास 'टायपिंग ट्यूटर' नावाचा प्रोग्रॅम आला, तो चक्क मायक्रोसॉफ्टने विकला. हा गेम नव्हता, शिकवणीच होती. पण त्यात एक हुशारी होती. कुठल्या अक्षराला तुम्हाला किती वेळ लागतो ते प्रोग्रॅम लक्षात ठेवायचा आणि जी अक्षरं जड जातात तीच पुन्हा पुन्हा समोर टाकायचा. कुठलाही मास्तर तीस पोरांच्या वर्गात प्रत्येकाचं हे बघू शकला नसता.

मग १९८१ मध्ये ब्रूस झ्वाइगचा 'मास्टरटाईप' आला. स्क्रीनच्या मधोमध तुमचं यान, चार कोपऱ्यांतून शब्द चाल करून येणार, शब्द बरोबर टाईप केला की तो उडाला. १९८४ च्या 'टायपिंग ट्यूटर थ्री' मध्ये 'लेटर इन्व्हेडर्स' नावाचा गेम होता, त्यात अक्षरं आकाशातून पडायची. १९९९ मध्ये तर सेगाने कमाल केली. 'हाऊस ऑफ द डेड टू' या झॉम्बी मारायच्या गेममधली बंदूक काढून त्यांनी कीबोर्ड दिला आणि नाव ठेवलं 'द टायपिंग ऑफ द डेड'. झॉम्बीच्या अंगावर शब्द लिहिलेला, तो टाईप केलात तर वाचलात.

या गेम्सचा फायदा आहेच. बोटांना बटणांची जागा पाठ होते आणि घाबरून खाली बघायची सवय मोडते. पण इथेच एक मोठा बदल गुपचूप झाला. टायपरायटरवर चुकीचं अक्षर कागदावर राहायचं. 'टायपिंग ऑफ द डेड' सारख्या गेममध्ये चुकीचं बटण दाबलं तर ते अक्षर उमटतच नाही, बरोबर बटण दाबेपर्यंत गेम त्याच अक्षरावर थांबून राहतो. २०१० मध्ये ब्राउझरवर आलेला झेडटाईपही असाच. कोडच्या भाषेत सांगायचं तर गाभा एवढाच:

```
if key == word[i]:
    i = i + 1
```

बघा, इथे `else` नाहीच. चुकीच्या बटणाचं काहीच होत नाही. गेम म्हणून हे बरोबरच आहे. झॉम्बी अंगावर येत असताना बॅकस्पेस मारत बसायला लागलं तर कोण खेळेल? पण यामुळे खेळणाऱ्याला एक काम कधीच करावं लागत नाही, ते म्हणजे आपली चूक स्वतः ओळखणं आणि परत मागे जाऊन सुधारणं. शिवाय शब्द नेमका तिथेच असतो जिथे डोळे आहेत. उतारा एकीकडे आणि टाईप करायची जागा दुसरीकडे, हा ट्रॉबला नडलेला प्रकार इथे येतच नाही.

आता परीक्षेचं गणित घेऊ. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीएचएसएलमध्ये इंग्रजीसाठी मिनिटाला ३५ शब्द लागतात आणि टेस्ट १० मिनिटांची. हेच कमिशन तासाला १०,५०० की-डिप्रेशन असंही सांगतं. ३५ गुणिले ५ गुणिले ६० करा, बरोबर तेवढेच येतात. म्हणजे पाच वेळा बटण दाबलं की एक शब्द, मग तो शब्द 'a' असो की 'government'. हा हिशोब टायपरायटरच्या काळातूनच आलाय.

समजा एक विद्यार्थी मिनिटाला २०४ वेळा बटणं दाबतो. त्यातली १९० बरोबर आणि १४ चुकीची. गेम १९० ला ५ ने भागणार आणि ३८ दाखवणार. अचूकता ९३ टक्के. पोरगा खूश, ३५ च्या वर आहे की!

आता हाच हात परीक्षेत बसवा. डोळे उताऱ्यावर आहेत, त्यामुळे चूक लगेच दिसत नाही. समजा तीन अक्षरं पुढे गेल्यावर लक्षात येतं. म्हणजे एका चुकीमागे चुकीचं बटण एक, पुढची तीन अक्षरं वाया, आणि चार बॅकस्पेस. एकूण आठ बटणं फुकट. १९० मागे १४ चुका म्हणजे दर बरोबर अक्षरामागे जवळपास ०.०७ चूक, तिला आठने गुणलं की ०.५९. प्रत्येक कामाच्या अक्षराला एकऐवजी सुमारे १.५९ बटणं लागायला लागली. २०४ ला १.५९ ने भागलं की १२८, आणि त्याला ५ ने भागलं की २६ पेक्षाही थोडं कमी. हेच ते २५-२६, जे तुम्ही विचारत होतात.

बरं, चुका सुधारल्याच नाहीत तर? १० मिनिटांत १४० चुका तशाच राहतील आणि त्या तपासताना धरल्या जातीलच.

आता दुसरा विद्यार्थी बघा. तोही मिनिटाला २०४ बटणंच दाबतो, म्हणजे बोटं तेवढीच चपळ. फक्त चुका दोन, बरोबर २०२. गेममध्ये याला ४० दिसणार. दोघांत फरक किती? दोन शब्दांचा. कुणी ढुंकूनही बघणार नाही. पण परीक्षेत याच्या प्रत्येक अक्षराला साधारण १.०८ बटणं लागतात, म्हणजे जवळपास ३८ शब्द. एक जण २६, दुसरा ३८. गेमच्या स्कोअरबोर्डवर जवळजवळ बरोबरीत असलेले दोघं, एक नापास आणि एक पास.

म्हणून गेम खेळताना स्पीडच्या आकड्याआधी चुकांचा आकडा बघायचा. ९३ टक्के म्हणजे चांगले मार्क वाटतात, पण टायपिंगमध्ये ९३ म्हणजे दर चौदा-पंधरा बटणांमागे एक चूक, म्हणजे साधारण तिसऱ्या शब्दाला एक. ९९ च्या आसपास जाईपर्यंत स्पीड वाढवायचा नाही. गेममध्ये लेव्हल निवडता येत असेल तर खालची घ्या.

सगळेच गेम चूक गिळतात असं नाही. २००८ मध्ये ॲलेक्स एपश्टाइनने बनवलेला टाईपरेसर वेगळा आहे. त्यात गाड्यांची शर्यत असते, पण टाईप करायला खरी वाक्यं असतात, त्यात कॅपिटल अक्षरं, स्वल्पविराम सगळं येतं. आणि चूक झाली की ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणजे बॅकस्पेसचा दंड शर्यतीतच भरावा लागतो. परीक्षेच्या बरंच जवळ जाणारी गोष्ट. तरी दोन फरक उरतात. चूक झाली की हा गेम लाल करून दाखवतो, परीक्षेत ते तुमचं तुम्हाला कळायला हवं. आणि शर्यत एक-दीड मिनिटात संपते. दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये सहाव्या-सातव्या मिनिटाला बोटं जड होतात, लक्ष उडतं, तो भाग गेममध्ये येतच नाही.

मग करायचं काय? अक्षरं पाडणारे गेम बटणांची जागा पक्की होईपर्यंत खेळा, नंतर सोडा. मग टाईपरेसरसारखे गेम. आणि शेवटचे तीन-चार आठवडे रोज एकदा अगदी कंटाळवाणा प्रकार: छापलेला उतारा बाजूला, समोर साधं नोटपॅड, १० मिनिटांचा टायमर. नोटपॅड लाल-बिल काही करत नाही, म्हणूनच ते चांगलं. तपासताना प्रत्येक चूक कुठल्या मिनिटाला झाली ते बघा. पहिल्या पाच मिनिटांत कमी आणि नंतर जास्त असतील तर प्रश्न दमण्याचा आहे. एकाच अक्षरावर होत असतील तर प्रश्न बोटाचा आहे, त्या एका अक्षरासाठी परत गेमकडे जा. १९७९ चा 'टायपिंग ट्यूटर' हेच करत होता.

एक शेवटचं. बॅकस्पेस चालतो की नाही आणि किती टक्के चुका माफ, हे प्रत्येक परीक्षेत वेगळं असतं. आपल्या परीक्षेची नोटीस उघडून ते आधी वाचा, मग सराव तसाच करा. बॅकस्पेस बंद असेल तर आपलं आठ बटणांचं गणित लागू होत नाही, तिथे थेट १९२३ चा नियम समजा: उमटलं ते उमटलं.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत नोटपॅडवर टेस्ट देऊन बघा आणि गेममधला आकडा आणि नोटपॅडवरचा आकडा, दोन्ही कमेंटमध्ये टाका. फरक किती येतो ते मलाही बघायचंय.