गप्पांची निर्यात : मजकुराच्या सजावटीचे काय होते

व्हॉट्सॲपवरील संभाषण निर्यात केले की साध्या मजकुराची `.txt` फाइल मिळते. तिच्यात ठळक, तिरपे किंवा खोडलेले अक्षर साठवण्याची सोयच नसते. मात्र ही सजावट मुळात चिन्हांनीच लिहिलेली असते. पडद्यावर ॲप ती चिन्हे लपवून परिणाम दाखवते, फाइलमध्ये चिन्हेच उघडी पडतात. उदाहरणार्थ, सोसायटीच्या सचिवांचा संदेश असा उतरतो :

```
12/03/24, 18:45 - सचिव: *सभा* ~5~ 6 वाजता
```

पडद्यावर ‘५’ खोडलेला दिसत होता. फाइलमध्ये मात्र ‘~’ म्हणजे ‘सुमारे’ असे समजून वाचणारा सहज फसतो.

चिन्हे उरली तर अर्थ निदान परत लावता येतो. खरे नुकसान उत्तरांचे होते. एखादा संदेश उद्धृत करून दिलेले ‘हो, मान्य’ फाइलमध्ये सुटे पडते. कोणत्या प्रश्नाला होकार दिला, ते कळत नाही. अंगठ्यासारख्या प्रतिक्रियाही गळतात, त्यामुळे त्यांतून दिलेली संमती नोंदीत येत नाही. पुरावा म्हणून फाइल जपताना अशा जागांची पडद्याची छायाचित्रे सोबत ठेवावी लागतात.

अनेक ओळींच्या संदेशात तारीख व नाव फक्त पहिल्या ओळीला असते. पुढच्या ओळी निनावी दिसतात, पण त्या त्याच व्यक्तीच्या असतात.