ओबीडी पोर्टच्या पिना आणि मोबाइलसाठी अडॅप्टर: विकत घेण्याआधी काय बघायचं?

‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला की गॅरेजला जाण्याआधी फोनवर कोड बघता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. म्हणून आपण ऑनलाइन सगळ्यात स्वस्त अडॅप्टर मागवतो. तो गाडीत लावतो, त्याचा लाल दिवा लागतो, फोनशी पेअरिंगही होतं आणि तरी अ‍ॅप म्हणतं की गाडीशी संपर्क होत नाही. बऱ्याचदा गाडी आणि फोन दोन्ही ठीक असतात. अडॅप्टरला त्या गाडीची भाषा येत नसते. तुमची गाडी कोणती भाषा बोलते हे पोर्टच्या पिनांवरून बरंचसं कळतं.

पोर्ट कुठे आणि पिना कशा मोजायच्या?

स्टीअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला १६ पिनांचा पोर्ट असतो. टॉर्च लावून समोरून बघा. रुंद बाजू वर धरली तर वरच्या रांगेत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या रांगेत ९ ते १६ अशा जागा येतात. अडॅप्टरच्या पिनांकडे बघताना हाच क्रम आरशासारखा उलटा दिसतो.

सगळ्या १६ जागांत धातूच्या पट्ट्या नसतात. आपल्या कामाच्या जागा इतक्याच:

- १६: बॅटरीचा प्लस. इथे चावी काढली तरी १२ व्होल्ट येतात.
- ४ आणि ५: अर्थिंग. ४ गाडीच्या बॉडीचं, ५ सिग्नलचं.
- ६ आणि १४: कॅन बसच्या दोन तारा. १४ ही बरोबर ६ च्या खाली असते.
- ७: के-लाइन. ही एकाच तारेवर चालणारी जुनी, हळू पद्धत. काही गाड्यांत तिच्या जोडीला १५ वर एल-लाइन असते.

२ आणि १० या पिना प्रामुख्याने जुन्या अमेरिकन गाड्यांसाठी आहेत. बाकीच्या जागा कंपनी स्वतःच्या कामासाठी वापरते, त्यांच्याशी आपला संबंध नाही.

आता लाल दिव्याचा उलगडा होतो. दिवा लागायला १६ आणि ४ एवढ्या दोनच पिना पुरतात. म्हणजे दिवा फक्त वीज मिळाल्याचं सांगतो, डेटाबद्दल काहीच सांगत नाही. उलट दिवाच लागला नाही तर आधी फ्यूज बघा. काही गाड्यांत हा फ्यूज चार्जर सॉकेटच्या फ्यूजबरोबर सामाईक असतो.

भारतात कोणत्या गाडीत काय मिळेल?

एप्रिल २०१० मध्ये मुंबईसह मोठ्या शहरांत बीएस-४ आलं आणि एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ लागू झालं. त्याआधीच्या गाडीत पोर्ट दिसला तरी ती कंपनीची खासगी भाषा बोलत असू शकते. तिथे सर्वसाधारण अ‍ॅपचा उपयोग होईलच असं नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ पेट्रोल-डिझेल कारमध्ये ६ आणि १४ वर कॅन मिळेल असं धरून चाला. घोळ होतो तो मधल्या वर्षांच्या गाड्यांत, कारण त्यातल्या काही के-लाइनवर आहेत.

एकच अडॅप्टर, दोन गाड्या

आमच्या घरी डोंबिवलीत एमएच-०५ पासिंगची २०१४ ची हॅचबॅक आहे. ठाण्यातल्या मित्राकडे २०२१ ची गाडी आहे. एकच स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर मित्राच्या गाडीत लगेच चालला, आमच्या गाडीत मात्र नाही. अँड्रॉइडवर Serial Bluetooth Terminal हे अ‍ॅप घेऊन, चावी ऑन करून मी एकेक ओळ पाठवली:

```
ATZ
ATRV
ATSP0
0100
```

ATZ अडॅप्टर रीसेट करतं. ATRV पिन १६ वरचा व्होल्टेज सांगतं, आमच्याकडे 12.4V आलं, म्हणजे वीज ठीक होती. ATSP0 म्हणजे भाषा आपोआप शोध. 0100 हा गाडीला विचारलेला पहिला प्रश्न. त्यावर उत्तर आलं:

```
SEARCHING...
UNABLE TO CONNECT
```

मग पोर्टमध्ये टॉर्च मारली. ६ आणि १४ रिकाम्या होत्या, ७ मध्ये पट्टी होती. अडॅप्टरवर मात्र ७ क्रमांकाची पिनच नव्हती. के-लाइन असलेला दुसरा अडॅप्टर लावल्यावर 0100 ला `41 00` ने सुरू होणारं उत्तर आलं आणि ATDP विचारल्यावर `ISO 14230-4 (KWP FAST)` असं भाषेचं नाव दिसलं. मित्राच्या गाडीत तिथे `ISO 15765-4 (CAN 11/500)` येतं.

उत्तर वाचायचं कसं, तेही बघू. 0105 म्हणजे कूलंटचं तापमान. `41 05 7B` आलं तर 7B म्हणजे १२३, त्यातून ४० वजा केले की ८३ अंश सेल्सिअस. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हा आकडा चढतच राहिला तर फॅनकडे लक्ष द्यायला हवं. अ‍ॅप हेच गणित करून काटा दाखवतं.

मग घ्यायचं कोणतं?

खोक्यावर ELM327 v1.5 लिहिलेलं दिसेल. ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, पण त्यांनी १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती. म्हणजे आकड्यावर विश्वास ठेवू नका. वर्णनात तुमच्या गाडीच्या भाषेचं नाव आहे का, फोटोत ती पिन दिसते का आणि परत करता येतो का, हे बघा. पिन दिसली तरी आत ती जोडलेली असेलच असं नाही, म्हणून वस्तू हातात आली की वरच्या चार ओळी लगेच चालवा.

फोनप्रमाणे निवड अशी:

- अँड्रॉइड: साधं ब्लूटूथ चालतं. पेअरिंगचा पिन बहुधा 1234 किंवा 0000 असतो.
- आयफोन: स्वस्त साधं ब्लूटूथ चालत नाही. ब्लूटूथ एलई किंवा वाय-फाय हवं. एलई अडॅप्टर सेटिंगमधून नाही, थेट अ‍ॅपमधून जोडायचा. वाय-फायवाल्यात बहुधा 192.168.0.10 आणि पोर्ट 35000 टाकावं लागतं, आणि फोन त्या वाय-फायवर असताना इंटरनेट अडू शकतं.
- यूएसबी केबल: फक्त ओटीजी असलेल्या अँड्रॉइडला. पेअरिंगची कटकट नाही. पण ‘KKL’ लिहिलेली केबल घेऊ नका. तिच्यात ELM327 नसतं, त्यामुळे नेहमीची मोबाइल अ‍ॅप्स तिच्याशी बोलू शकत नाहीत.

यातलं काहीही घेतलं तरी मुख्यतः इंजिन आणि प्रदूषणाशी संबंधित कोड मिळतील. एबीएस, एअरबॅगसाठी बहुतेक वेळा कंपनीनुसार वेगळं अ‍ॅप किंवा स्कॅनर लागतो. आणि कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुसला की कोडबरोबर साठवलेली बिघाडाच्या क्षणाची माहितीही जाते आणि मेकॅनिकच्या हाती काही उरत नाही.

लावून ठेवायचा का?

नाही. पिन १६ कायम चालू असते. अडॅप्टर ५० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, दहा दिवसांत १२. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा तिसरा हिस्सा झाला. रोज लोकलने ऑफिसला जाणाऱ्यांची गाडी आठवडाभर सोसायटीत उभीच असते. मुळात जुनी बॅटरी असेल तर रविवारी सेल्फ मारणार नाही. शिवाय बऱ्याच वाय-फाय अडॅप्टरला पासवर्ड नसतो, पार्किंगमधला कुणीही त्याला जोडू शकतो. काम झालं की काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.