डोंगरघराचे हिवाळी चित्रण (बीड जिल्हा)

डोंगरउतारावरील एखादे घर, त्याभोवतीची पर्णहीन झाडे आणि क्षितिजालगतच्या सूर्याने पाडलेल्या लांब सावल्या यांची त्रिमितीय रचना संगणकावर उभी करून तिच्यातून स्थिरचित्र सिद्ध करण्याच्या कलेचा हा एक लोकप्रिय विषय होय. त्याचे प्रचलित नमुने बहुधा उत्तर युरोपातले असतात. तेथे 55 अक्षांशाच्या आसपास डिसेंबरअखेरचा माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून बारा अंशांवर चढत नाही, आणि म्हणून तेथील चित्रकाराला लांब सावली दिवसभर आयती मिळते. तोच कित्ता बालाघाटच्या घरासाठी गिरविला, तर चित्र सुबक उतरेल, परंतु ते बीडचे राहणार नाही. कारण आपल्याकडे सूर्याचे खालीपण ऋतूने येत नाही, घटकेने येते.

बीड शहर सुमारे 19 उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबर रोजी, म्हणजे सूर्य दक्षिणेकडे जास्तीत जास्त कललेला असतानाही, तो येथे माध्यान्ही साडेसत्तेचाळीस अंश चढतो, आणि दहा फुटी भिंतीची सावली अवघी नऊ फूट पडते. त्या दिवशी सूर्योदय सातला चार-पाच मिनिटे कमी असताना होतो. सकाळी साडेसातला सूर्य सहा अंशांच्या किंचित वर आणि आठला साडेबारा अंशांवर असतो. आठच्या वेळी तो ठीक पूर्वेला नसून पूर्वेपासून तीस अंश दक्षिणेकडे असतो, अर्थात सावल्या पश्चिमेपासून तीस अंश उत्तरेकडे वळतात. घराचे तोंड पूर्वेला असो वा उत्तरेला, चित्रकाराने प्रथम हा कोन नकाशावर आखून घ्यावा. ‘ब्लेंडर’ या प्रणालीत `Sun Position` नावाच्या जोडणीला अक्षांश, रेखांश, दिनांक आणि भारतीय प्रमाणवेळेचा 5.5 तासांचा फरक सांगितला, की सूर्य आपोआप जागेवर बसतो. फरकाच्या रकान्यात शून्य राहिले, तर आठची सकाळ दुपारी दीडची होते आणि सावल्या आखूड होऊन भलत्याच दिशेला जातात. तेव्हा दहा फुटी काठी सपाट जमिनीवर उभी करून तिची सावली मोजावी. ती सुमारे 45 फूट भरली पाहिजे. येथे एक सूक्ष्म गोष्ट नोंदण्याजोगी आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिवस वाढू लागलेला असला, तरी आठ वाजताचा सूर्य 22 डिसेंबरपेक्षाही अंशभर खाली असतो, कारण त्या काळात सूर्योदय घड्याळानुसार अजून पुढेच सरकत असतो.

बीड जिल्ह्याचे दोन भाग जुन्या काळापासून ओळखले जातात: उत्तरेची गोदाकाठची गंगथडी आणि दक्षिणेचा उंच बालाघाट. हे घर अर्थातच बालाघाटाचे, आणि डोंगरउताराचा हिशेब येथे सर्वांत महत्त्वाचा ठरतो. सावली ज्या दिशेला पडते त्याच दिशेला जमीन अकरा फुटांत एक फूट उतरत असेल, तर वरच्याच दहा फुटी भिंतीची सावली 45 वरून सुमारे 75 फुटांवर जाते. तीच जमीन त्या दिशेला चढत असेल, तर ती 32 फुटांत आटोपते. हा उतार साडेबारा अंशांहून तीव्र झाला, की सावलीला शेवटच उरत नाही, त्या अंगावर ऊन पोहोचतच नाही आणि सबंध उतार निळसर छायेत राहतो. नवशिक्या चित्रकार घर सपाट चौथऱ्यावर ठेवून मागे डोंगराचे चित्र टांगतो. त्यामुळे सावल्या सर्वत्र सारख्या लांबीच्या आणि समांतर दिसतात, आणि घर डोंगरावर नसून डोंगरासमोर असल्याचे प्रेक्षकाला नकळत जाणवते.

घराच्या आकारानेही सावलीचे रूप पालटते. मराठवाड्याच्या जुन्या घराला उतरते छप्पर व धुराडे नसते, तर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले सपाट माळवद असते. म्हणून त्याची सावली टोकदार न होता सरळ धारेची, जड आणि चौकोनी पडते, आणि तिच्या कडेवर माळवदाचे पन्हळ तेवढे बोटासारखे पुढे येते. पत्र्याच्या घराचे चित्र असेल, तर वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड विसरू नयेत. सकाळच्या उन्हात त्यांतला एकेक दगड पत्र्यावर हातभर लांब रेघ ओढतो.

झाडांच्या बाबतीत ऋतुज्ञान आवश्यक आहे. डिसेंबरात लिंब हिरवागार असतो आणि बाभूळही आपला विरळ पाला धरून असते. या दोघांना उघडे दाखविणे चूक. त्या दिवसांत खरोखर निष्पर्ण सापडते ती काटेसावर, आणि पुढे सालई. परंतु फांद्यांची रचना कितीही बारकाईने केली, तरी त्यांच्या सावल्यांचा एक निसर्गनियम आहे, आणि या विषयातील बहुतेक चित्रे तेथेच फसतात. सूर्य हा बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाचे बिंब आहे. त्यामुळे एक सेंटिमीटर जाडीच्या डहाळीची गडद सावली जेमतेम एक मीटरपर्यंत टिकते, आणि त्यापलीकडे ती विरून अंधूक छटा होते. दहा सेंटिमीटरची फांदी मात्र दहा मीटरपर्यंत स्पष्ट राहते. म्हणून घराच्या भिंतीला टेकलेल्या डहाळ्यांचे जाळे भिंतीवर रेखीव उमटावे, आणि चाळीस फुटांवरच्या जमिनीवर त्याच झाडाचे खोड व मुख्य फांद्या तेवढ्या उरून बाकीचे धुरकट व्हावे. प्रणालीत सूर्यदीपाचा `Angle` मुळातच सुमारे 0.526 अंश ठेवलेला असतो. सावली कातीव दिसावी म्हणून तो शून्यावर नेणारे लोक डहाळीन् डहाळी जमिनीवर छापतात, आणि ऊन विजेच्या दिव्यासारखे दिसू लागते. आकाशाच्या योजनेतील `Sun Disc` आणि वेगळा सूर्यदीप हे दोन्ही चालू राहिले, तर दोन्हींची दिशा तंतोतंत जुळली नसल्यास प्रत्येक फांदीला दोन सावल्या फुटतात. या दोषाची खूण तीच.

आता थंडीविषयी. शीत प्रकाश हवा म्हणून सूर्यालाच निळा रंग देणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक होय. साडेबारा अंशांवरचा सूर्य हवेच्या जाड थरातून येतो, त्याचा रंग पिवळसर, अंदाजे 4,000 ते 4,500 केल्विनचा असतो. थंडी असते ती सावलीत, जेथे सूर्य पोहोचत नाही आणि केवळ निळ्या आकाशाचा, 10,000 केल्विनहून वरचा उजेड पडतो. कॅमेऱ्याचा शुभ्रसमतोल या दोहोंच्या दरम्यान, साडेपाच हजारांच्या आसपास ठेवला, की ऊन उबदार आणि छाया गार अशी दोन्ही अंगे एकाच चित्रात नांदतात, आणि उन्हाच्या या पट्ट्यामुळेच सावलीतला गारवा डोळ्यांना कळतो. जमीनही या कामात भाग घेते: वाळलेल्या गवताचा पिवळा परावर्तित उजेड भिंतीच्या पायथ्याला लागतो, काळी माती जवळजवळ काहीच परत देत नाही, आणि शेजारची रब्बी ज्वारी अजून हिरवी उभी असल्याने सबंध दृश्य तपकिरी करण्याला आधार नाही. पहाटेची थंड हवा जमिनीलगत बसलेली असते, त्यामुळे चुलीचा धूर सरळ वर न जाता माळवदाच्या वर थोड्याच उंचीवर आडवा पसरतो. हा थर अत्यंत विरळ ठेवावा. तो दाट झाला, तर ऊन आणि आकाशाचा उजेड एकमेकांत मिसळून सावल्यांचा निळा रंग राखाडी होतो.

साडेआठला सूर्य साडेअठरा अंशांवर येतो आणि त्याच भिंतीची सावली सपाट जमिनीवर तीस फुटांवर उतरते. तोपर्यंत धुराचा थरही उकलू लागलेला असतो.